एकच्या खाली दहा

स्नेहल पद्मनाभपूरची. वडील रेल्वेत होते, त्यामुळे घरात वक्तशीरपणाचं वेड. डिप्लोमा झाल्यावर तिला भिलाईच्या औद्योगिक भागातल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीचं काम मिळालं. तिथे शाफ्ट भट्टीत तापवून तेलात बुडवत, म्हणजे ते कडक होत. ते पुरेसे कडक झाले की नाही, हे स्नेहल मशीनवर मोजायची. तिच्या कामाचा झपाटा सगळ्यांना माहीत होता, आणि तिलाही.

भट्टीवर देवरावकाका. कुरुदला राहणारे, मूळचे वर्ध्याकडचे, साठीला टेकलेले. मीटर असूनही भट्टीचं दार उघडून लोखंडाचा रंग डोळ्यांनी बघायचे, मगच माल तेलात सोडायचे.

त्या दिवशी चोवीस शाफ्ट होते. पहिले बारा दुसऱ्या पाळीतल्या नव्या माणसाने तापवलेले, पुढचे बारा काकांनी. प्रत्येकावर एस आणि पुढे नंबर कोरलेला. स्नेहलने एकपासून चोवीसपर्यंत ओळीने मोजून आकडे कागदावर उतरवले. मग दोन्ही पाळ्यांच्या याद्या कॉम्प्युटरवर एकत्र केल्या, कोडप्रमाणे क्रम लावला आणि शेजारच्या रकान्यात कागदावरचे आकडे वरून खाली भराभर टाकले. पाचवा आणि सहावा आकडा कमी होता. त्यांच्यासमोर एस१३ आणि एस१४ दिसत होतं. तिने ते दोन लाल केले आणि बाकीचा माल पाठवायला हरकत नाही असा शेरा दिला. माल संध्याकाळीच गाडीवर चढला.

सुपरवायझर धनंजय तिचा रिपोर्ट हातात घेऊनच भट्टीपाशी गेला. "काका, हे दोन तुमच्याच पाळीतले. नरम निघाले."

काकांनी शाफ्ट हातात फिरवून पाहिला. "रंग तर बराबर होता," ते म्हणाले. मग शाफ्ट खाली ठेवत, "माही नजरच कमी झाली असन." धनंजयने त्यांना काही दिवस माल चढवण्याच्या कामाला लावलं. स्नेहलला वाईट वाटलं, पण आकडे आकडेच होते.

आठवड्याने ते दोन नरम शाफ्ट पुन्हा भट्टीत घालायचे ठरले. त्याआधी नियमाप्रमाणे स्नेहलने ते परत मोजले. एस१३ चांगला कडक. एस१४ही. तिला वाटलं मशीन बिघडलं. कडकपणा आधीच माहीत असलेला नमुन्याचा तुकडा लावून पाहिला, मशीन ठीक होतं. मग तिने ती यादी उघडली आणि पहिल्यांदाच कोडचा रकाना वरून खाली वाचला. एस१. त्याच्या खाली एस१०. मग अकरा, बारा, तेरा, चौदा. एस२ थेट एकोणिसाच्या खाली.

नंबराआधी अक्षर असल्यामुळे कॉम्प्युटरने कोड शब्दासारखे लावले होते. एकाने सुरू होणारे सगळे आधी, दोनने सुरू होणारे मग. आकडे मात्र तिने एक, दोन, तीन असे टाकलेले. म्हणजे नरम निघालेले होते एस५ आणि एस६. काकांचे नव्हतेच. आणि ते दोन्ही गिऱ्हाईकाकडे पोचले होते.

तिने नवी शीट घेतली. कोडशेजारी एक जादा रकाना केला, सूत्राने एस वगळून नुसता नंबर त्यात काढला, तो खरोखरचा आकडा करून घेतला आणि त्या रकान्यावरून क्रम लावला. आता दोन एकच्या खाली आला. कागदावरचे आकडे तिने पुन्हा एकेक टाकले, या वेळी बोट ठेवून.

तिने धनंजयला सगळं सांगितलं. त्याने लगेच गिऱ्हाईकाला फोन लावला. शाफ्ट अजून बसवले नव्हते, ते परत मागवले. "काकांना मी सांगतो," तो म्हणाला.

"नको. मीच जाते."

काकांच्या कुरुदच्या घरी दार कलावतीकाकूंनी उघडलं. स्नेहलने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काकूंचा आवाज चढला नाही. "डोळे तपासून आले होते. डॉक्टर म्हने, नजर ठीक हाय. तरी मानत नोयते. भट्टी सोडतो म्हनून राहिले होते."

काका खाटेवर बसलेले. "चुकी होते बेटा," ते म्हणाले. "तू कावून रडून राहिली?"

"काका, मी यादी एकदा वाचायला पाहिजे होती."

चहा आला. काकांनी कप तिच्यापुढे सरकवला.

सोमवारी काका भट्टीवर परतले. धनंजयने सगळ्यांसमोर चूक तपासणीतली होती असं सांगितलं, आणि स्नेहलने ती आपली म्हणून हात वर केला. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पण त्या दिवसापासून काका दार उघडून रंग बघतात, आणि माल तेलात सोडण्याआधी शेजारच्या माणसाला हाक मारतात.

"पाह्य बरं. तुले बी बराबर वाटते का?"

तपासणीच्या खोलीपर्यंत ती हाक ऐकू येते. स्नेहल तेवढा वेळ मशीन थांबवते.