सोळाव्या भाजीतल्या आठळ्या

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं वाचताना ते लक्षात राहिलं तर माझी लाज नीट कळेल.

माझ्या धाकट्या जावेचं माहेर रत्नागिरीकडचं. दीर नोकरीनिमित्त तिकडे होते, तिकडेच लग्न ठरलं आणि ती आमच्या गावात आली. ताडकळसच्या बाजारापासून मोटरसायकलनं पंधरा मिनिटांवर आमचं गाव. चारी बाजूंनी कापूस आणि सोयाबीन. पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी तिचा भाऊ एक अख्खा फणस पोत्यात घालून, गाड्या बदलत घेऊन आला. आमच्या गल्लीत फणस कापताना कुणी पाहिलेलाच नव्हता. परभणीच्या बाजारात सुटे गरे मिळतात, तेवढीच आमची ओळख. जावेनं हाताला आणि विळीला तेल लावलं, अंगणात पोतं पसरलं आणि अर्धी गल्ली गोळा झाली. मी तर सुट्टीतल्या पोरीसारखी पुढं जाऊन बसले होते.

गरे संपले आणि तिनं बिया गोळा केल्या. चांगल्या टोपलंभर निघाल्या. धुऊन, चोथा काढून तिनं त्या माळवदाखाली सावलीत कापडावर पसरल्या. याला आठळ्या म्हणतात, याची भाजी करतात, आमटीत घालतात, असं ती सांगत होती आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिचं माहेरच दिसल्यासारखं वाटलं. कशी करतात, ते ती सांगणारच होती. तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी तिला हाक मारली आणि ती गेली.

आता माझा स्वभाव असा, की नवी गोष्ट समोर आली की मला दम निघत नाही. मी एक आठळी उचलली. वरचं पांढरं साल कागदासारखं निघालं. आत तपकिरी पापुद्रा, त्याच्या आत पांढरीफेक बी. मी दातानं तोडली. कचकचीत, जराशी तुरट, थोडी ओल्या शेंगदाण्यासारखी. शेतात आम्ही मुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, ओला भुईमूग सगळं कच्चंच खातो. उभ्या उभ्या, बांधावर. बी म्हणजे खायचीच, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की दुसरा विचार आलाच नाही. मी दोन खाल्ल्या आणि ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, सात-आठ सोलून दिल्या. त्यांचे दात या वयातही शाबूत आहेत आणि त्याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी सगळ्या कडाकडा चावून खाल्ल्या, वर म्हणाल्या, बरं लागायलंय की.

संध्याकाळपर्यंत त्यांचं पोट नगाऱ्यासारखं झालं. कळा, ढेकर, मग उलट्या. मलाही मळमळत होतं, पण माझ्या दोनच होत्या. आमच्या यांनी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून ताडकळसला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं, सलाईनची एक बाटली लावली, पचायला जड काही खाल्लं का असं विचारलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाई ठणठणीत होत्या आणि सगळ्या गल्लीला एकच गोष्ट सांगत होत्या: फणसाच्या बिया इखारी असत्यात.

जाऊ पांढरी पडली. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही उकडल्या होत्या ना नीट?"

मी म्हणाले, केलं होतं काहीतरी. आणि पाण्याची घागर उचलून सरळ बाहेर गेले. म्हणजे मी खोटं बोलले, तेही घाबरटासारखं.

त्या दुपारी शाळेत मोबाइलवर वाचलं तेव्हा मला माझ्याच मुस्काटात द्यावीशी वाटली. आठळी खायची वस्तू आहे, चांगली पौष्टिक आहे. फक्त कच्च्या आठळीत असे काही घटक असतात की ते पोटातल्या पाचकरसाचं काम अडवतात, आणि तिच्यातलं कच्चं पिठूळ सत्त्वही नीट पचत नाही. उकडलं किंवा भाजलं की उष्णतेनं ते घटक निकामी होतात आणि बी मऊ पडते. हे वाचताना मला काय आठवलं असेल? सोयाबीन. कच्चं सोयाबीन खाऊ नये, शिजवून किंवा भाजूनच खावं, त्याच कारणासाठी. हा धडा मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. सोयाबीनच्या गावात राहून, सोयाबीन शिकवून, मी सासूला कच्च्या आठळ्या चारल्या होत्या. हे कुणाला सांगायचं? मी नाही सांगितलं. विज्ञानाच्या बाईंची अब्रू होती ना.

आत्याबाईंनी आठळ्या उकिरड्यावर टाकायला सांगितल्या. जावेनं थोड्या टाकल्या, बाकीच्या एका चिनी मातीच्या बरणीत कोरड्या वाळूत पुरून पलंगाखाली सरकवल्या. तिच्याकडे पावसाळ्यासाठी अशाच ठेवतात. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. बिया मी दिल्या होत्या, पण आल्या होत्या तिच्या माहेराहून, म्हणून आत्याबाईंच्या मनात तिच्या हाताबद्दलच शंका बसली. तिनं केलेली आमटी त्या आधी वास घेऊन बघायच्या. आणि भादव्यात महालक्ष्म्या जवळ आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, यंदा नैवेद्याच्या सैपाकाला धाकटीचा हात नको, तिनं रांगोळी काढावी, माळा कराव्यात. लग्नानंतरच्या तिच्या या पहिल्याच महालक्ष्म्या. माझ्या पहिल्या महालक्ष्म्यांना पुरणाचा पाटा माझ्यापुढं होता, ते मी विसरले नव्हते. जावेनं मान हलवली. तिला बोलून मोकळं होता येत नाही, मला गप्प बसवत नाही, आणि या वेळी दोघीही गप्प होतो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाई सुपात भाज्या मांडून मोजायला बसल्या. आमच्याकडे सोळा भाज्या एकत्र करून नैवेद्याला लागतात. पावसानं बाजार भरला नव्हता. पंधराच भरल्या. पुन्हा मोजलं, पंधराच. सोळावी कुठून आणायची यावर त्यांची चिडचिड चालू झाली. त्याच वेळी जाऊ ती बरणी काखेत घेऊन परसदाराकडे निघाली. मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, सणाच्या दिवशी घरात नको, टाकून येते.

माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. मी धावत जाऊन तिच्या हातातून बरणी ओढली आणि तशीच आत्याबाईंपुढं येऊन बसले.

"आत्याबाई, तुमाला मी दिलेल्या त्या बिया कच्च्या व्हत्या. चूक माझी, हिची न्हाई. उकडायच्या असत्यात, ते मला ठावं नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं. आन् मी तीन महिने गप बसले."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. मी थांबलेच नाही. सोयाबीनचं सांगितलं. मागं कच्चं सोयाबीन जास्त झालं तेव्हा म्हशीचं पोट फुगलं होतं, आठवतं का, विचारलं. हे तसंच आहे, म्हणाले. म्हशीची गोष्ट त्यांना पटली असावी, कारण म्हैस त्यांची लाडकी होती. मग म्हणाल्या, "आधी तू खा. माझ्यासमोर."

मग काय विचारता. चूल पेटली आणि जाऊ प्रथमच त्या घरात हुकूम सोडू लागली. वाळूतून आठळ्या काढून तिनं एकेक तपासली. मोड आलेल्या आणि बुरशीच्या बाजूला टाकल्या. बाकीच्या मीठ घालून पाण्यात उकळायला लावल्या, चांगला अर्धा तास, सुरीचं टोक लोण्यात जावं तसं आत जाईपर्यंत. थोड्या निखाऱ्यावर भाजायच्या म्हणून तिनं प्रत्येकीला सुरीनं चीर दिली. मला घाई. मी एक तशीच, चीर न देता, निखाऱ्यात टाकली. दोन मिनिटांत ती फटाक्यासारखी फुटली, राख उडाली आणि आत्याबाई पाटासकट मागं सरकल्या. जावेनं माझ्याकडे बघितलं. ती पहिल्यांदा माझ्यावर रागावली होती आणि मला ते फार बरं वाटलं. आतल्या वाफेला वाट नसली की असंच होतं, तेवढं विज्ञान मला लगेच सुचलं, पण मी तोंड उघडलं नाही.

पांढरी सालं काढून मी दहा आठळ्या खाल्ल्या. उकडलेल्या मऊ, पिठूळ, थोड्या रताळ्यासारख्या. भाजलेल्या त्याहून खमंग. जावेनं मला तिथंच थांबवलं. शिजवलेल्यासुद्धा फार खाल्ल्या तर वात धरतो, म्हणाली. मग दिवसभर आत्याबाई माझ्यावर नजर ठेवून होत्या. मी पोटावर नुसता हात फिरवला तरी विचारायच्या, काय झालं. काही झालं नाही. दिवेलागणीला त्यांनी शेवटचं विचारलं, भूक लागायलीय का? मी म्हणाले, लय. त्यांनी सूप उचललं आणि धाकटीपुढं ठेवलं.

"सोळावी तू टाक. आन् उद्या भाजी तूच शिजव, तुझ्याच अंदाजानं."

जाऊ पदराला डोळे पुसत भाज्या निवडायला बसली. मी विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया जेवायला बसल्या. भाजीचं भांडं दोनदा रिकामं झालं. एकीनं घासातली आठळी बोटांनी धरून विचारलं, ही कशाची बी, लय गोड लागायलीय. आम्ही दोघी वाढत होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली.

"फणसाची हाय. कशी शिजवायची ते धाकटीला इचारा," त्या म्हणाल्या. "आन् कच्ची कशी लागती ते थोरलीला इचारा. ती विज्ञान शिकवती."

सगळी पंगत हसली. मान खाली घालून मी भाजी वाढत राहिले. माझ्या मागून जावेचं हसू ऐकू आलं, मोकळं, मोठ्यानं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि ती आमच्या घरात कशी हसते, ते मला त्या दिवशी कळलं.