नवऱ्याने काही कबूल करायचं नाही

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून शिवणखोली आहे. तिथे विरलेल्या चादरींना ठिगळं लावणाऱ्या बाईंना सगळे शिवणबाई म्हणतात. मशीनवर बसण्याआधी देवाला हात जोडायचे आणि मग दिवसभर कुणाला म्हणून जुमानायचं नाही, असा त्यांचा खाक्या.

एका वर्षी कर्मचाऱ्यांच्या कार्यक्रमासाठी बाईंनी एकपात्री नाटुकलं लिहायला घेतलं. कारण होतं त्यांची थोरली बहीण. ताईच्या अंगावरचे वळ बाईंनी एकदा पाहिले होते. विचारलं तर ताई म्हणाली, घसरले. पुन्हा विचारलं तर बोलणंच बंद केलं. दाजी मात्र चारचौघांत बायकोचा चहा फुंकून निववून देणारे. सगळं गोत त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकायला तयार. ताईला हे नाटुकलं एकदा ऐकवायचंच, आणि तेही दाजींच्या शेजारी बसवून, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं.

पहिला खर्डा त्यांनी रागाच्या भरात लिहिला. त्यातला नवरा दात-ओठ खात आला आणि आपली पापं धडाधड सांगून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी वाचून बाईंना स्वतःचंच हसू आलं. असा माणूस ताईने ओळखलाच नसता. तिच्या घरातला तर स्वतःला देवमाणूस समजत होता. मग त्यांनी कागद फाडला आणि नवऱ्याला बायकोबद्दल खरोखरची माया दिली. तो आजारी बायकोच्या खाटेपाशी बसून नर्सशी बोलतो. नर्स एक अक्षर बोलत नाही; ती काय करते ते त्याच्या उत्तरांवरूनच कळतं. तो बायकोला केळं कुस्करून भरवतो, आणि ते त्याचं प्रेम खोटं नसतं. सुरुवातीला म्हणतो, जरा पंखा वाढवा, फार उकडतंय. मग सांगतो, हिची झोप अशी गाढ की कूससुद्धा बदलत नाही. बऱ्याच वेळाने, नर्सने न विचारताच, सांगतो की रात्री बाहेरून कडी लावावी लागते, ही झोपेत चालते ना. आणि नर्स नाडी बघायला वाकते तेव्हा घाईने म्हणतो, "बाही राहू द्या सिस्टर. तिला थंडी वाजते."

पंखा आणि थंडी बाईंनी मुद्दाम लांब लांब ठेवली. शेजारी ठेवली तर लेखिकेची चलाखी दिसते, लांब ठेवली तर माणसाची सवय दिसते, असं त्यांचं म्हणणं.

नवऱ्याचं काम करणार होता औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर. तो "थंडी वाजते" म्हणताना डोळे बारीक करी. बाईंनी त्याला फैलावर घेतलं. म्हणाल्या, तू लपवतोयस हे तुलाच माहीत नाही. तुला बायकोची काळजी वाटतेय, तेवढंच कर. तालमीअखेर तो इतका गोड बोलायला लागला की त्याचं त्यालाच कसंतरी व्हायला लागलं.

कार्यक्रमाचे चिटणीस मात्र अडून बसले. लोकांना कळणार नाही, शेवटी नवऱ्याने रडून सगळं कबूल केलं पाहिजे, नाहीतर कार्यक्रमातून नाव कापतो, म्हणाले.

"कापा," बाई म्हणाल्या. "मग मी जिन्यात उभं राहून करीन. पण मारलं हा शब्द आला की ऐकणारा म्हणेल, मी तसा नाही. आणि बायकोला हाताला धरून उठवून नेईल."

कुणाची बायको, ते चिटणिसांनी विचारलं नाही. नावही कापलं नाही.

प्रयोगाला दाजी आणि ताई तिसऱ्या रांगेत बसले. कडीच्या वाक्यापर्यंत लोक अधूनमधून हसत होते. बाहीच्या वाक्याला हसू थांबलं. पडदा पडला तरी टाळ्या उशिराच आल्या. चिटणीस बाईंकडे न बघता खुर्च्या आवरायला लागले.

चहाच्या टेबलापाशी दाजी खुशीत आले. मेहुणीच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! बिचारा बायकोचं किती करतो. आणि ती नर्स, नवरा-बायकोच्या मध्ये कशाला तडमडते? असल्या बायकांना वेळीच ओळखावं लागतं."

कप हातात धरून सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. कंपाउंडरने मान खाली घातली. दाजींना काय झालं ते कळेना. त्यांनी ताईचा कप उचलला आणि सवयीने फुंकर घालायला लागले.

ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि गरम चहाच प्यायली.

"मी आज धाकटीकडे राहतेय," ती म्हणाली.

"उद्या येशील ना?"

"ते मी ठरवीन."

दाजी हसून आजूबाजूला बघू लागले, कुणीतरी साथ देईल म्हणून. शिवणबाईंनी ताईची पिशवी काखोटीला मारली आणि दोघी दाराकडे निघाल्या. चिटणीस वाटेत आडवे आले. पुढचा प्रयोग दुसऱ्या इस्पितळात ठरवतो म्हणाले, फक्त शेवटी कबुलीचं एखादं वाक्य—

"एकही नाही," ताईच म्हणाली.