श्रावणातलं माप

दादाने बदलापूरला मटण-भाकरीची खानावळ काढली, ती श्रावणात. मुहूर्त चांगला होता म्हणे. गणपती होईपर्यंत साधी थाळी द्यायची आणि मग मटण सुरू करायचं, असा त्याचा बेत होता. सोसायटीने त्याला एकच अट घातली: किचनचं पाणी ग्रीस ट्रॅपमधूनच गटारात जायला हवं, आणि तो आठवड्यात बांधून झाला पाहिजे. मी अंबरनाथच्या कारखान्यात सांडपाण्याचं बघते, म्हणून माप काढायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं.

कारण खानावळीच्या भिंतीपलीकडे, तळमजल्यावरच, माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई राहतात. त्यांच्या बाथरूमचं आणि दादाच्या किचनचं पाणी एकाच पाइपने जातं. बाईंच्या मिस्टरांना, आमच्या सरांना, अर्धांगवायू झालेला. बाई रोज त्यांना खुर्चीवर बसवून त्याच बाथरूममध्ये आंघोळ घालतात.

"माझ्याकडे उलटं पाणी येणार नाही ना गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी आहे ना," मी म्हटलं. आज ते वाक्य आठवलं तरी कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटते.

ट्रॅप म्हणजे जमिनीत बांधलेली टाकी. भांड्यांचं पाणी तिच्यात थांबतं, निवतं, चरबी वर तरंगते, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. मी भर दुपारच्या गर्दीत बादली लावून मोजलं, मिनिटाला पंधरा लिटर पाणी येत होतं. ते अर्धा तास तरी थांबायला हवं, म्हणजे साडेचारशे लिटर. चरबी आणि गाळाला जागा धरून सहाशे. मागच्या बोळात जागा निघाली जेमतेम साडेतीनशेची. टाकी लहान असली तर सफाई लवकर करायची, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी बांधा म्हटलं.

मग किती दिवसांनी उपसायची ते ठरवायचं होतं. टाकीत पाणी दोन फूट. वरची चरबी आणि खालचा गाळ मिळून त्याचा चौथा भाग, म्हणजे सहा इंच झाले, की उपसायलाच हवी, नाहीतर चरबी पुढे सुटते. आठवडाभराने मी काठी घालून पाहिलं तर दोन इंच. म्हणजे तीन आठवडे सहज चाललं असतं. पण मी शहाणी. सुरक्षित असावं म्हणून पंधरा दिवस ठरवले आणि "दर पंधरा दिवसांनी" असं मोठ्या अक्षरांत लिहून दादाला दिलं. त्याने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून शेगडीच्या वर चिकटवला.

गणपती गेले आणि मटण आलं. रविवारी चामटोलीपासून माणसं येऊन रांगेत उभी राहू लागली. मला कौतुक वाटत होतं. काठी मात्र मी परत घातली नाही.

एका सकाळी बाईंचा फोन आला. बाथरूमच्या जाळीतून पिवळट पाणी वर येत होतं, त्यावर चरबीच्या कवड्या तरंगत होत्या. आयुष्यात अंडंही न शिवलेल्या बाई टमरेलाने मटणाचं पाणी उपसत होत्या, आणि सर आतल्या खोलीत आंघोळीवाचून बसून होते. मी धावत जाऊन टाकीत काठी घातली. अकरा इंच.

मी दादावर तोंड टाकलं. तो भडकला नाही, त्याला खरंच काही कळत नव्हतं.

"तूच लिहून दिलं ना? एक दिवस इकडंतिकडं केला नाय," तो म्हणाला. "टाकी उपसणारा उल्हासनगरचा माणूस बरोबर पंधराव्या दिवशी येतो. बघ, परवा यायचाय."

मी कागद पुन्हा वाचला. अक्षर माझंच होतं, आणि माप श्रावणातल्या साध्या थाळीचं. वहिनी बिचारी पातेलंभर उकळतं पाणी सिंकमध्ये ओतत होती. तिला थांबवलं, कारण त्याने चरबी वितळून पुढे जाते आणि थंड झाली की तिथेच थिजते.

त्याच दिवशी टाकी उपसली. दर चौथ्या दिवशी सफाई, असा नवा कागद लागला. दादाने तोही निमूटपणे चिकटवला. पण जी चरबी सुटायची ती सुटून गेली होती. प्लंबरने सळी घालून पाहिली, दोनदा जोराच्या पाण्याने पाइप धुणारी जेटिंगची गाडी आणली. पाणी दोन दिवस उतरायचं आणि परत चढायचं. पाइप बाईंच्या बाथरूमखालून जातो, तिथेच तो चरबीने आवळला होता. फरशी फोडून बदलायला आठ दिवस लागतील, प्लंबर म्हणाला. पण आठ दिवस सरांना न्यायचं कुठे? मी आमच्या घरी चला म्हटलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाई नुसत्या हसल्या.

पुढच्या रविवारी गेले तर बाई बाथरूमच्या दारात बसून, पाणी खोलीत शिरू नये म्हणून उंबऱ्यावर विटा लावत होत्या. शेजारी घमेल्यात सिमेंट कालवलेलं. साडीला डाग पडले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी थापी खाली ठेवली आणि वर बघितलं. आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"बरी आलीस," त्या म्हणाल्या. "किती इंच उंच करू, सांग. तुझं गणित पक्कं होतं."