मंगलबाईंची ओली वाळू

आटपाडीच्या आमच्या गल्लीत बातमी फिरली की मंगलबाईंनी शाळेत वाळूपुढं उदबत्ती लावून पावसाला साकडं घातलं. ज्यानं त्यानं आपल्या पदरचा थोडा मसाला घातला, आणि संध्याकाळपर्यंत त्यात नारळही फुटला.

खरं एवढंच की बाई सातवीला भूगोल शिकवतात, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतले सगळे शिक्षक त्यांचा मोसमी वाऱ्यांचा पाठ बघायला येणार होते. केंद्रप्रमुखांनी आधीच बजावलं होतं, "प्रयोग फसला तर पुढच्या वर्षीपासून सरळ पुस्तक वाचून घ्यायचं."

म्हणून बाईंनी आदल्या दिवशी रंगीत तालीम केली. एका ट्रेत वाळू, दुसऱ्यात पाणी, दोन्ही तासभर एप्रिलच्या उन्हात. मग वर्गात आणून शेजारी ठेवले, मधोमध उदबत्तीचा तुकडा, वर काचेची पेटी पालथी घातली, बाहेरचं वारं लागू नये म्हणून. वाळू तापलेली, म्हणजे तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाणार, आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा सरकणार. पण धूर सरळ वर गेला. थर्मामीटर बघितला तर पाणी बत्तीस, वाळू तेहतीस. पोरं तोंड दाबून हसली.

दारात वर्गातल्या उत्कर्षाचा बाप, मेंढरं राखणारा सिद्धू, तिचा डबा घेऊन उभा होता. त्यानं पेटी उचलून वाळूत बोटं घातली.

"आवं बाई, ही ओली हाय की. सकाळीच माणगंगेतनं आणलीसा व्हय? ओलं रान तापतंय कवा?"

"माझ्या ध्यानातच आलं नाही, सिद्धूदादा."

"तुमी पुस्तकातली वाळू बघितलीया, आमी पायाखालची."

बाईंना हे चांगलंच झोंबलं, पण त्यांनी रात्रभर वाळू पत्र्यावर पसरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तासभर उन्हात ठेवून ट्रे पाहुण्यांसमोर आणले, तेव्हा पाणी चौतीस, वाळू सत्तेचाळीस. धूर वाळूकडं झुकला, तिथं वर चढला आणि पेटीच्या छताला लागून पाण्याकडं परतला. उत्कर्षानं फळ्यावर आकृती काढली: डावीकडं अरबी समुद्र, 'गार, जास्त दाब', उजवीकडं जमीन, 'तापलेली, कमी दाब', खालून समुद्राकडून जमिनीकडं बाण, मध्ये सह्याद्री, त्याच्या पश्चिम उतारावर 'पाऊस'. पलीकडं आटपाडीपर्यंत नेलेल्या बाणावर तिनं 'कोरडे वारे' लिहिलं.

केंद्रप्रमुख पुढं झाले. "मोसमी वारे कोरडे? खोडा ते. आणि आटपाडी एवढी तापते, तर पाऊस इथंच जास्त पडायला हवा, नाही का?"

उत्कर्षानं डस्टर उचललं. बाईंनी ते तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवलं.

"राहू दे गं. साहेब, आम्ही तापून वारं बोलावतो, आणि ते येतंही. पण डोंगर चढताना गार होऊन त्याचं पाणी महाबळेश्वरातच सांडतं, त्याला आटपाडीच्या पोरीनं काय करायचं?"