तिसऱ्या मजल्याची रेष

दीप्ती राणेला वाकडं काही सहन व्हायचंच नाही. दुसऱ्याच्या घरातलं कॅलेंडरसुद्धा ती बोलता बोलता सरळ करायची. भांडुपच्या एका फोटो स्टुडिओत अठरा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून तिने नवऱ्यामुलाच्या कॉलरपासून इमारतींच्या भिंतींपर्यंत सगळं सरळ केलं होतं, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मात्र खरं.

कांजूरमार्गच्या एका जुन्या चार मजली सोसायटीला पन्नास वर्षं होत होती. सेक्रेटरी राजेश तावडे स्मरणिकेसाठी इमारतीचे दोन फोटो घेऊन आला. रंगकाम चालू, त्यामुळे समोर बांबूंची परांची.

"ही सगळी काढून टाक, दीप्ती. बिल्डिंग कशी झकास दिसली पाहिजे!"

पहिला फोटो खालून काढलेला, म्हणून इमारत वर निमुळती दिसत होती. दीप्तीने आधी उभ्या कडा सरळ केल्या, मग एकेक बांबू पुसला. मागची भिंत बांबूंच्या फटींतून दिसेल तेवढीच. बाकीची शेजारच्या तुकड्यांवरून जुळवायची. बांबूबरोबर त्याची भिंतीवरची सावलीही काढावी लागते, नवशिके नेमकी तीच विसरतात. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीची कड एका टोकाला जरा खाली आल्यासारखी वाटली. फोटोच्या कडेला आहे, लेन्सची करामत असणार, म्हणून तिने ती ओढून सरळ केली. फोटो पाठवला, राजेशने छापून फ्रेम केला आणि जिन्याशी टांगलाही.

रविवारी सकाळी नऊला ती दुसरा फोटो घेऊन बसली. हा समोरच्या गच्चीवरून काढलेला, इमारत बरोबर मधोमध. मजल्यांच्या कडांवर तिने आडव्या रेषा टाकल्या. पहिला मजला बसला. दुसरा, चौथाही बसला. तिसरा त्याच टोकाला खाली!

लेन्सने बाक दिला असता तर वरच्या-खालच्या मजल्यांनाही दिला असता. दोन वेगळ्या जागांवरून एकाच ठिकाणी कशी वाकेल रेष? म्हणजे गॅलरीच खचत होती. दहा वाजता त्याच गॅलरीत अख्खी सोसायटी उभी राहून फोटो काढणार होती!

राजेशचा फोन लागेना. साडेनऊला तिने रिक्षा पकडली.

खाली पताका लागलेल्या, बायका नटलेल्या. तिने धापा टाकत सांगितलं, तर राजेश हसला आणि जिन्याशी टांगलेल्या फ्रेमकडे बोट केलं.

"अगं, तूच केलास ना हा फोटो? बघ, कशी सरळ आहे!"

आता याला काय म्हणावं! दीप्तीला रडावं की ओरडावं कळेना. "मी ओढून सरळ केली रे! मूळ फोटोत वाकडी आहे!" तिने मोबाइलवर दोन्ही मूळ फोटो मोठे करून त्याच्या नाकासमोर धरले. राजेशचं हसू मावळलं.

रंगकामावरचा सहदेव मिस्त्री मधे पडला. रंगाऱ्याला हाताएवढीच भिंत दिसते, त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. तो परांचीवर चढला आणि गॅलरीच्या कडेवर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून लेव्हल लावली. एका बाजूला दोरी आणि कड यांत चार बोटं मावली. त्याने खालचा गिलावा ठोकला, आवाज पोकळ आला.

"वर कोणी जायचं नाही!" तो ओरडला. "आत असतील त्यांनी भिंतीला खेटून, एकेक करून बाहेर यायचं."

दहा मिनिटांत तिसरा मजला रिकामा झाला. फक्त टोकाच्या खोलीतल्या कृष्णाबाई आल्या नाहीत. मुलगा कामावर, म्हातारी एकटी. नेमकं तेच टोक. राजेशच्या हाका त्यांनी उडवून लावल्या. दीप्तीने चपला काढल्या आणि कोणी अडवायच्या आत जिना चढली.

भिंतीला पाठ घासत ती सरकत होती. पायाखालची लादी किंचित बाहेर उतरते आहे, हे आता तळव्यांना कळत होतं. दारात कृष्णाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या.

"आजी, चला. गॅलरी खचतेय."

"खय खचता? खाली फोटो लागलो हा तो बघलंय मी. सरळ आसा. मगे मी कित्याक येऊ?"

अठरा वर्षांत दीप्तीच्या कामाला कोणी इतकं मानलं नव्हतं.

"तो फोटो खोटा आहे, आजी. मी खोटा केला. माझं चुकलं."

कृष्णाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दुसरा हात तिच्यापुढे केला. दोघी भिंतीला धरून जिन्याकडे निघाल्या, आणि दीप्तीने तो हात खाली अंगणात पोचेपर्यंत सोडला नाही.