थप्पीतून चालता येत नाही

मंचरच्या बारदानाच्या गोदामात मी देखरेखीला होते. आग विझवायची दोन नवी नळकांडी आली, तेव्हा शेठ म्हणाले, "माझ्या केबिनमधी टांगा. बाहेर लई चोऱ्या होतात. नियमापरमानं कामाच्या जागेपासनं पंधरा मीटरच्या आतच हाय, टेपनं मोजलंय मी."

टेप त्यांनी पोत्यांच्या थप्पीवरून सरळ धरला होता. मी थप्पीला वळसा घालून, चालत मोजलं. अंतर दुप्पट भरलं.

"शेठ, आग लागल्यावर थप्पी बाजूला सरकणार हाय का?"

"मग दारापाशी लावा, पण उंच. कुणाचा हात पोचाया नको."

मी पोती शिवणाऱ्यांतल्या सगळ्यात बुटक्या मावशींना भिंतीशी उभं केलं आणि नळकांड्याची मूठ त्यांच्या छातीशी येईल अशी खूण केली. एक पुढच्या दारापाशी, दुसरं मागच्या. दोन्ही लांबून दिसतील अशी. पुढं पोतं ठेवायचं नाही, हेही बजावलं.

"चोरीला गेलं तर?"

"नवं आणा. केबिनची किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडं."

"आन् निम्मा आठवडा तुमी कुठं असता?"



"पुण्याला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातात हातोडी दिली.