मनकर्णाबाईचा मोकळा आवाज

सिंदीच्या मनकर्णाबाईंनी थोरल्या दिरासमोर वीस वर्षांत तोंडातून शब्द काढला नव्हता. अशा भासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि बोलायचं ते जावेमार्फत, ही त्या घरची रीत. थोरले दीर अण्णाजी ओसरीत, मनकर्णाबाई आत आणि जाऊ धुरपताबाई मधल्या दारात. निरोप इकडून तिकडे जायचा, आणि वाटेत कधी थोडा सांडायचाही. भाजीत मीठ जास्त झाल्याचा निरोप असा सांडला तर बिघडत नाही. बाराशे रुपयांचा सांडला तर मात्र बिघडतं.

हे बाराशे म्हणजे नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीचा फंड. नवरा वारला, पैसा आला, आणि लेकीचं शिक्षण-लग्न आणि स्वतःचं म्हातारपण असं सगळं त्या एकाच रकमेवर उभं राहिलं. सेलूत राहणाऱ्या अण्णाजींना तिथल्या तेलघाणीत भागीदारी घ्यायची होती. त्यांनी उसने मागितले. मनकर्णाबाई हळूच जावेला म्हणाल्या, "देतो म्हणा, पण कागद करून द्या म्हणा."

धुरपताबाईंनी ओसरीकडे तोंड केलं. "देतो म्हणते."

बस्स, एवढंच. कागद दारातच राहिला. मनकर्णाबाईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तरी गप्प बसल्या. भीती माणसाला किती मूर्ख करते, याचा हा नमुना!

एक शहाणपण त्यांनी केलं. पैसे हातात न देता सेलूला सहाशे-सहाशेच्या दोन मनिऑर्डरी केल्या. पाठवल्याच्या पावत्या जपल्या, आणि काही दिवसांनी अण्णाजींच्या सहीच्या पोचपावत्याही आल्या. त्या पावत्या घेऊन मनकर्णाबाई शेजारच्या प्रभाकरराव मास्तरांकडे गेल्या, तर मास्तरांनी घामच फोडला.

"यातून पैसे पोचले एवढंच कळते, बाई. उसने देले का तसेच देले, हे नाई कळत. उद्या ते म्हणतील, भावाचा पैसा होता, माझा वाटा घेतला."

 मास्तरांनीच मग चार ओळींचा कागद लिहून दिला. अमुक तारखांना दोन मनिऑर्डरींनी बाराशे रुपये उसने मिळाले, व्याज नाही, मागाल तेव्हा परत करीन. खाली एकेक आण्याची चार तिकिटं चिकटवली. "चारही तिकिटांवर आडवी सही पाहिजे. अन् तीन वर्सांच्या आत पैसे न्या, नाईतर नवा कागद करा. मंग कोर्ट ऐकत नाई."

पोळ्याला अण्णाजी बायकोसह सिंदीला जेवायला आले. मनकर्णाबाईंच्या हातातून भाकरी दोनदा तव्याबाहेर पडली. हे रागावले तर? लेकीच्या लग्नात कोण उभं राहील? माहेरी कोणी उरलं नाही. सासर म्हणजे हा एकच माणूस, आणि त्याच माणसाकडे आपण सही मागणार! 

जेवणं झाली. त्यांनी कागद जावेच्या हातात दिला. धुरपताबाईंनी वाचता येत नसूनही तो ओळखला आणि मांडीखाली सारला. तोंडाचा रंग उडालेला. ओसरीतून अण्णाजी म्हणाले, "चाल व, निघू आता."

धुरपताबाई उठल्या. मनकर्णाबाईंनी खालचा कागद उचलला, उंबरठा ओलांडला आणि पदराआडून म्हणाल्या, "भाऊजी."

अण्णाजी दचकले. हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"पैसे उसने देलते जी. कागद करून द्या म्हटलं होतं. यावर सही करा." दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती.

अण्णाजींनी कागद वाचला. मान लाल झाली. "घरातल्या घरात कागद? अन् हे तवाच काऊन नाई म्हटलं?"

"म्हटलं होतं जी."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.  मनकर्णाबाईंना वाटलं, आता फाडतात. पण समोरच्या ओट्यावर मास्तर बसलेले होते आणि इकडेच बघत होते. अण्णाजींनी दौत मागितली, चारही तिकिटांवर फर्रकन सही ओढली, कागद जमिनीवर टाकला आणि पानसुद्धा न घेता पायरी उतरले. "आता या घरी माझं काही काम नाई," म्हणाले.

मनकर्णाबाईंनी कागद उचलून शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. जीव भांड्यात पडला नव्हता. सही मिळाली, माणूस गेलं, आणि पैसे परत येतील की नाही हे देव जाणे. धुरपताबाई अजून दारात उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही तवा निरोप अर्धाच काऊन सांगितला?"

धुरपताबाईंनी नवरा लांब गेल्याची खात्री केली. "माह्या बापानं आमच्या यायले आठशे उसने देलते. कागद करा म्हणून त्यानं माह्याच तोंडून निरोप धाडला होता. मी तो पुरा सांगतला." त्यांनी पोलक्याची बाही वर केली. दंडावरचं हाड वेडंवाकडं सांधलेलं होतं.

"आता सेलूले चाल्ली मी," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या मागं निघाल्या.